कूलरचा हंगाम २०२५, अकोला : प्रकल्प नोंदी

२० जानेवारी, सोमवार

काकांच्या कूलरच्या दुकानात जाहिरातीच्या कामासाठी पहिली बैठक झाली. हंगामाचं बजेट १ लाख ४० हजार आहे. त्यात पत्रकं, रिक्षावरचे भोंगे, दोन होर्डिंग आणि व्हॉट्सॲपवरचे छोटे व्हिडिओ बसवायचे. काकांनी मजकूर आधीच कागदावर लिहून ठेवला होता: "सर्वांत स्वस्त! निम्मी वीज! २४ तासांत सर्व्हिस!" खाली "एसीसारखा गारवा".

माल तीन प्रकारचा. मागच्या शेडमध्ये स्वतः बनवतात तो १८ इंची पंख्याचा लोखंडी कूलर, ६,५०० रुपये. कंपनीचा ७५ लिटरचा प्लास्टिकचा, साधी मोटर. आणि तोच आकार कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरमध्ये, साधारण तीन हजारांनी महाग. बीएलडीसीचे शंभर नग काकांनी डिसेंबरातच आगाऊ पैसे भरून उचलले आहेत, कारण तेव्हा कंपनी सूट देते. म्हणजे "निम्मी वीज" ही ओळ कुठून आली ते मला तिथेच कळलं.

मी मजकुराबद्दल काही बोलले नाही. मागच्या वर्षीची तक्रारवही तेवढी मागून घेतली. काका म्हणाले, "ताई, जाहिरात करायची आहे का ऑडिट?"

२३ जानेवारी, गुरुवार

वही म्हणजे दोनशे पानी रजिस्टर, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. १५ मार्च ते १५ जून २०२४ या काळातल्या ३८६ तक्रारी मोजल्या. पंपाच्या १४१, पंख्याची मोटर किंवा कंडेन्सर ५७, गवत किंवा पॅड ६२, गळती आणि आवाज मिळून ४२. उरलेल्या ८४ मात्र विचित्र आहेत. त्यांच्यापुढे मिस्त्रींनी नुसतं "ओके" लिहिलंय. म्हणजे गेले, पाहिलं, काहीही बिघडलेलं नव्हतं. ग्राहकाची तक्रार एकच, थंड करत नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. मार्चमध्ये दिवसाला दोन-तीन फोन आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून एकदम गर्दी. सर्वांत वाईट दिवशी २६ फोन आहेत. मिस्त्री तीन, त्यातला एक फक्त हंगामापुरता. शहरातल्या शहरात एक माणूस दिवसाला सहा घरं करतो, म्हणजे तिघांची मिळून १८. "२४ तासांत सर्व्हिस" हे मार्चमध्ये खरं आणि मेमध्ये खोटं. आणि लोकांना ते मेमध्येच हवं असतं.

२९ जानेवारी, बुधवार

थोरल्या मिस्त्रींबरोबर अकोट तालुक्यात गेले. एका घरी मागच्या मोसमातला कूलर तसाच पडून होता. त्यांनी पंप काढून माझ्या हातात दिला. जाळीवर पांढरा, खडबडीत थर, नखाने खरवडला तरी निघेना. "ताई, पंप जळत नाही, जाम होते. पानी उडून जाते, पन पान्यातलं मीठ कुठं जाईन?"

हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला, जमिनीखालचं पाणी खारं. कूलरमध्ये रोज टाकीभर पाणी वाफ होऊन जातं. क्षार मात्र टाकीतच राहतात आणि आपण वरून पुन्हा खारं पाणी ओततो. आठवड्याभरात टाकीतलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त खारं होतं. मग ते पंपावर, पॅडवर आणि लोखंडी टाकीच्या जोडावर बसतं. पंप जोर लावतो, फिरत नाही, तापतो. ग्राहक म्हणतो, पंप निकृष्ट होता.

उपाय सोपा आहे, पण कोणीच सांगत नाही: दर चौथ्या दिवशी टाकीचं बूच काढून उरलेलं पाणी सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. पंधरा दिवसांतून एकदा पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. अडचण अशी की इथे नळ रोज येत नाही, आणि टाकीतलं पाणी ओतून द्या म्हटलं की बायका माझ्याकडे अशा बघतात की मी तूप ओतायला सांगितलंय. मिस्त्रींनीच तोड काढली. ते पाणी अंगणात शिंपडायला किंवा मोरी धुवायला वापरा, फक्त झाडांना घालू नका.

परत येताना गवत की हनीकोंब पॅड हा विषय निघाला. हनीकोंब दिसायला देखणा, पाणी छान धरतो, शहरात नळाच्या पाण्यावर तीन-चार वर्षं चालतो. खाऱ्या पाण्यात त्याची भोकं दोन मोसमांत बुजतात आणि बदलायला दीड-दोन हजार लागतात. गवताच्या तिन्ही ताट्या तीनशेत बदलून होतात. म्हणजे बोअरवाल्याने गवताचाच घ्यावा. काकांच्या मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, हनीकोंबवर मार्जिन जास्त आहे. खरं आहे. पण त्या तक्रारवहीचे पैसेही त्याच मार्जिनमधून जातात.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात वीज मोजली. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर ऑनलाइन मागवलं होतं, ७०० रुपयांचं. प्रत्येक कूलर पूर्ण वेगावर, पंप चालू, गवत ओलं करून दहा मिनिटं.

लोखंडी कूलर: २१५ वॅट. साधा प्लास्टिक: १९०. बीएलडीसी: ९०.

"निम्मी वीज" हे खरं निघालं, तेही साध्या प्लास्टिकच्या तुलनेत. मला वाटलं होतं कुठेतरी चलाखी असेल, नव्हती. चलाखी पुढे आहे.

दिवसाला दहा तास कूलर चालला तर महिन्याला तीनशे तास. १९० वॅटचे ५७ युनिट होतात, ९० वॅटचे २७. फरक ३० युनिट. अकोल्यात नीट चालणारा मोसम तीन महिन्यांचा, म्हणजे ९० युनिट. आता याचे रुपये किती? ते ग्राहकाच्या बिलावर आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त आणि १०१ ते ३०० चे युनिट जवळजवळ दुप्पट महाग. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी आणि काकांच्या मुलाने तीन घरांची बिलं काढली. पहिल्या शंभरात युनिट सातच्या आत पडतं आणि पुढच्या दोनशेत तेराच्या आसपास.

वाचणारे युनिट नेहमी बिलाच्या वरच्या टोकाचे असतात. ज्या घरात फ्रिज, टीव्ही, दोन-तीन पंखे आहेत आणि उन्हाळ्यात बिल दोनशे युनिटच्या पुढे जातं, तिथे ९० युनिट म्हणजे साडेअकराशे-बाराशे रुपये. जास्तीचे तीन हजार तिसऱ्या उन्हाळ्यात वसूल. ज्या घराचं बिल कूलर लावूनही शंभराच्या आत राहतं, तिथे ९० युनिट म्हणजे सहाशेच्या थोडं वर. तीन हजार फिटायला पाच उन्हाळे.

म्हणजे बीएलडीसी सगळ्यांना विकायचा नाही. काउंटरवर पहिला प्रश्न विचारायचा: "मागच्या मे महिन्याचं बिल किती युनिट होतं?" काकांना हे पटायला चहाचे दोन कप गेले. शंभर नग उचललेत ना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोसमाआधीची तपासणी सुरू केली. मागच्या तीन वर्षांच्या बिलबुकांतून नंबर काढून व्हॉट्सॲपवर निरोप: ३५० रुपयांत पंप साफ, गवत नवीन, वायर आणि अर्थिंगची तपासणी. फेब्रुवारीत मिस्त्री तसेही रिकामे असतात. आज केलेला एक पंप म्हणजे एप्रिलमधला एक फोन कमी. जाहिरातीच्या बजेटमधले १२ हजार इकडे वळवले. काका म्हणाले, ही कसली जाहिरात. मी म्हटलं, उन्हाळा लागला की कळेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

किमतीवर आज दिवसभर घासाघीस. ऑनलाइनवर तोच साधा प्लास्टिक कूलर ९,४९० ला दिसतो. रस्त्यापलीकडच्या दुकानात त्याच्याच जवळपास. काकांना ९,३९९ छापायचंय, "सर्वांत स्वस्त" म्हणायला. त्यांना माल ८,७०० ला पडतो.

मी कागदावर मांडून दाखवलं. घरपोच नेणं १५०. बसवणं आणि अर्थिंग बघणं २००. मोसमात दोन वेळा मिस्त्री जाणार, शहरात एका फेरीला पगार आणि पेट्रोल मिळून १३० पडतात, म्हणजे २६०. झाले ६१०. ९,३९९ मधून ८,७०० आणि हे ६१० वजा केले तर नव्वद रुपये राहतात, त्यातून दुकानाचं भाडं द्यायचंय. मग काय होतं? मे महिन्यात फोन आला की काउंटरवरचा पोरगा "बघतो, पाठवतो" म्हणतो आणि पाठवत नाही. स्वस्ताईचे पैसे असे सर्व्हिसमधून कापले जातात. कोणी मुद्दाम कापत नाही, ते आपोआप होतं.

शेवटी दोन किमती छापायचं ठरलं. "घेऊन जा" ९,५००: डबा बंद, कंपनीची वॉरंटी, बाकी आमची जबाबदारी नाही. "बसवून देऊ" १०,२००: घरपोच, बसवणं, अर्थिंग तपासणी, मोसमात दोन फेऱ्या. सातशेचा फरक आणि त्यात काय-काय येतं ते त्याच पाटीवर, तेवढ्याच अक्षरात. ऑनलाइनशी तुलना करायची ती ९,५०० ची करा. बीएलडीसीची फक्त बसवून देण्याचीच किंमत ठेवली, १३,२००.

"सर्वांत स्वस्त" गेलं. काकांचा चेहरा पडला. पण तो शब्द सिद्ध करायला गावातल्या सगळ्या दुकानांचे भाव रोज तपासावे लागले असते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व्हिसचं वचन कसं लिहायचं यावर मिस्त्रींना घेऊन बसलो. काकांनी त्यांना अशा बैठकीला पहिल्यांदाच बोलावलं असावं, ते खुर्चीच्या टोकावरच बसले होते.

शहरासाठी ४८ तास. त्यांच्या मते तिघांना जमेल, फक्त एप्रिल-मेमध्ये रविवारची सुट्टी आळीपाळीने घ्यावी लागेल. तालुक्यांना ४८ तास जमणारच नाही, एकेका फेरीत अर्धा दिवस जातो. म्हणून वार बांधून दिले: अकोट-तेल्हारा मंगळवार, बाळापूर-पातूर गुरुवार, मूर्तिजापूर-बार्शीटाकळी शनिवार. गावच्या माणसाला "लवकर येतो" यापेक्षा "मंगळवारी येतो" जास्त चालतं, तो त्या दिवशी घरी थांबतो.

४८ तासांत नाही पोहोचलो तर? इथे सगळे गप्प. मग मिस्त्रीच बोलले, "आपले आठ-धा लोखंडी कूलर शेडात पडले हायेत. थे देऊ ना, दुरुस्त होऊस्तोर." रंग द्यायला आणि नवीन गवताला मिळून खर्च ४,२०० रुपये. आठ बदली कूलर तयार ठेवले. माझ्या मते अख्ख्या मोहिमेतली सर्वांत चांगली ओळ त्यांचीच आहे, मी फक्त प्रमाण मराठीत लिहिली: "वेळेत नाही आलो तर दुरुस्ती होईपर्यंत आमचा कूलर तुमच्या घरी."

बीएलडीसीचा वेगळा घोळ. साधी मोटर जळली तर गल्लीतला वाइंडर संध्याकाळपर्यंत भरून देतो. बीएलडीसीचा बोर्ड गेला तर तो कंपनीकडूनच येतो, पाच-सहा दिवस लागतात. वीज वाचवणारा कूलर दुरुस्तीला हळू आहे. हे पत्रकात लिहायचं की नाही यावर वाद झाला. लिहिलं: बोर्डाला आठवडा लागू शकतो, तोवर बदली कूलर.

६ मार्च, गुरुवार

मजकूर पक्का करताना दोन भांडणं.

पहिलं, तळाशी बारीक इंग्रजीत "अटी लागू". छापखान्यातला डिझायनर ते सवयीनेच टाकतो. २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत साफ म्हटलंय की दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा, आणि अक्षरही तेच. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत चालत नाही. मी तर म्हटलं, अट वेगळी ठेवूच नका, वचनाच्या वाक्यातच लिहा. "अकोला शहरात ४८ तासांत" यातला "अकोला शहरात" हीच अट.

दुसरं भांडण "एसीसारखा गारवा"चं. काका हटूनच बसले. मी म्हटलं, एसी हवेतला ओलावा काढतो, कूलर घालतो. कोरड्या एप्रिलमध्ये हा ओलावा बरा वाटतो, पावसाचे ढग आले की तोच अंगाला चिकटतो. आणि वहीतल्या त्या ८४ "ओके" तक्रारी याच ओळीने आणल्या आहेत. मिस्त्रींनी सांगितलं की त्यातल्या निम्म्या घरांत दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला होता, एसीसारखा. कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा लागते आणि समोरची खिडकी थोडी उघडी लागते, नाहीतर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. ओळ काढली. त्या जागी चित्र टाकलं: खिडकीत कूलर, समोरच्या खिडकीचं एक दार उघडं, हवेचा बाण.

१९ मार्च, बुधवार

पाडव्यासाठी पत्रकं छापून आली, चार हजार. बीएलडीसीच्या चौकटीत लिहिलंय: "मोसमाला सुमारे १,१७० रुपयांची बचत (बिल १०० युनिटच्या वर असेल तर)." आकडा माझाच, ९० गुणिले १३. छान दिसतोय.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. काल राज्य वीज नियामक आयोगाने महावितरणच्या नव्या दरांचा आदेश काढला, १ एप्रिलपासून दर कमी. आज पेपरबरोबर पत्रकं वाटायला निघालेली. माझा १,१७० चा आकडा तीन दिवसांनी खोटा ठरणार. अडीच हजार पत्रकं विक्रेत्यांकडे आधीच गेली होती, उरलेली दीड हजार थांबवली. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

आयोगाने स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली, महावितरण फेरविचार मागणार म्हणून. म्हणजे जुने दर चालू. माझा आकडा पुन्हा खरा! काकांचा मुलगा म्हणाला, मग वाटू या उरलेली.

नाही वाटली. हा आकडा माझ्या हातात नाही हे चार दिवसांत कळलं. कूलर किती युनिट खातो ते आम्ही मोजलंय, ते उद्याही तेवढंच राहणार. युनिटचा भाव मुंबईत ठरतो. नवीन पत्रकात रुपये काढून टाकले: "महिन्याला साधा ५७ युनिट, बीएलडीसी २७ युनिट. रोज १० तास, पूर्ण वेग, आमच्या दुकानात मोजलेले." खाली रिकामी चौकट: "तुमच्या बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर ____ × ९० = तुमची मोसमाची बचत." काउंटरवर पेन ठेवलं. वाया गेलेली दीड हजार पत्रकं माझ्या हिशेबात, ती मी काकांना लावली नाहीत.

नवीन तीन हजार छापली.

११ एप्रिल, शुक्रवार

चौकट चालते आहे. लोक बिल घेऊन येतात, एक आजोबा तर गेल्या पाच वर्षांची बिलं पिशवीत घेऊन आले. त्यांचं मे महिन्याचं बिल ८६ युनिट. त्यांना साधा घ्या असं काकांनी स्वतः सांगितलं आणि मग माझ्याकडे बघून मिशीत हसले.

बसवायला गेलेल्या पोराने मागे एका संध्याकाळी एक फोटो पाठवला. लोखंडी कूलर, तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकलेली, कारण घरातलं सॉकेट दोन पिनांचं होतं. म्हणजे कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जायला वाटच नाही, आणि पाणी भरणारा ओल्या पायांनी उभा असतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि महावितरण तेच-तेच आवाहन करतं: अर्थिंगवाल्या तीन पिनांच्याच सॉकेटवर लावा, पाणी भरताना प्लग काढा. पोराने कूलर जोडला नाही. ग्राहक चिडला, म्हणाला आधीचा दहा वर्षं असाच चालला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेट बदललं, मग जोडला.

यावर व्हिडिओ केला, चाळीस सेकंद, मिस्त्रींच्याच तोंडून. आतापर्यंत सर्वांत जास्त पुढे पाठवला गेलेला तोच.

२२ एप्रिल, मंगळवार

पारा ४४ च्या वर. फोन ३१, मागच्या वर्षीच्या सर्वांत वाईट दिवसापेक्षाही जास्त. मंगळवार असल्याने एक मिस्त्री अकोटला, शहरात दोघंच. संध्याकाळपर्यंत तेरा घरं झाली, शहरातली अकरा उद्यावर.

पंपाचे फोन ३१ पैकी फक्त सात. फेब्रुवारीत ज्या २१० घरी जाऊन आलो त्यांतून आज दोनच फोन आहेत. काकांना ते दोन नंबर दाखवले.

दुपारी तीनला शेडच्या दाराशी थर्मामीटर लावून बघितला. बाहेर ४३, पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून २३, कूलरच्या तोंडाशी २८. कूलर हवेला ओल्या फडक्याच्या आकड्यापेक्षा खाली कधीच नेऊ शकत नाही, तो फक्त त्याच्या जवळ जातो. वीस अंशांच्या फरकातले पंधरा मिळाले, म्हणजे उत्तम.

२४ एप्रिल, गुरुवार

आठही बदली कूलर बाहेर. परवाच्या अकरापैकी दहा घरं ४८ तासांत झाली. एक राहिलं, तिथे बीएलडीसीचा बोर्ड गेलाय. बदली कूलर पोहोचवायला रात्रीचे नऊ वाजले, म्हणजे वेळ उलटून तीन तास. काकांनी स्वतः फोन करून माफी मागितली. नवव्या-दहाव्या कूलरला रंग द्यायला घेतलाय.

काकांचा मुलगा म्हणतो भोंग्याची रिक्षा आठवडाभर थांबवू, गिऱ्हाईक वाढलं तर सर्व्हिस कोलमडेल. दुकानदाराच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. थांबवली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. दुकान भरलेलं. बसवून देण्याच्या किमतीत दहातले सात जण घेतात, मला पाचाची अपेक्षा होती.

१२ मे, सोमवार

ढग, वारा, संध्याकाळी सर. आठवड्यात तिसऱ्यांदा. फोन कमी झाले, पण वेगळ्या जातीचे येतायत: थंड करत नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत पोहोचला, गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर कधीच नव्हता. दुकानात १२६ कूलर शिल्लक, त्यात बीएलडीसी ३४.

थर्मामीटर पुन्हा लावला. बाहेर ३३, ओल्या फडक्याचा २८.५, कूलरच्या तोंडाशी २९.५. तोच कूलर, तेच गवत, एप्रिलमध्ये पंधरा अंश उतरवत होता, आता साडेतीन. यंत्रात काही बिघडलेलं नाही. हवेतच जागा उरलेली नाही. "थंड करत नाही" म्हणणाऱ्यांना पाठवायला दोन्ही दिवसांचे आकडे एका चित्रात टाकले आणि खाली लिहिलं: पंप बंद करा, नुसता पंखा चालवा.

काकांना आज सगळा माल दोन हजार रुपये कमी करून काढायचा होता. मी विचारलं, तीस एप्रिलला १३,२०० देऊन गेलेल्यांनी फोन केला तर काय सांगणार? आणि पुढच्या वर्षीच्या दोन फेऱ्यांचे पैसे कुठून येणार? शेवटी साध्या प्लास्टिकवर आठशे कमी, ते फक्त "घेऊन जा" किमतीवर. बीएलडीसीला हात लावला नाही, ते डब्यात राहू देत. पैसे अडकले आहेत हे मलाही दिसतंय. काका आज घरी लवकर गेले.

१६ जून, सोमवार

हिशेब. एकूण ४८८ कूलर विकले, मागच्या वर्षी ५४०. बीएलडीसी शंभरातले ७१ गेले. तक्रारी २९७, त्यात पंपाच्या ६८ आणि "ओके"वाल्या ४९. शहरातल्या ४८ तास उलटून गेलेल्या सहा, त्यातल्या पाच घरी बदली कूलर होता.

नफा मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, हेही लिहून ठेवते. मे महिना पावसाने नेला. काकांनी माझे पैसे दोन हप्त्यांत देतो म्हटलं.

३ जुलै, गुरुवार

१ जुलैपासून महावितरणचे नवे दर लागू झाले. काकांच्या मुलाने दुकानातून फोटो पाठवला: दुसऱ्या छपाईची ९०० पत्रकं उरली आहेत. विचारत होता, रद्दीत देऊ का. मी म्हटलं, दरांची चौकट रिकामीच आहे ना, ठेव. फक्त "उन्हाळा २०२५" वर पुढच्या मार्चमध्ये चिकटपट्टी लावावी लागेल.